मराठीचा एक ‘ने’ आणि हिंदीतले ने, को, से

‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने चाकूने आंबा कापला’ आणि ‘त्याने आता घरी जावे’ ही तीन साधी मराठी वाक्ये घ्या. त्यांत मिळून ‘ने’ हा प्रत्यय चार वेळा आला आहे. आता हीच वाक्ये हिंदीत पाहा: ‘उसने आम खाया’, ‘उसने चाकू से आम काटा’ आणि ‘उसे अब घर जाना चाहिए’. मराठीतल्या चार ‘ने’ंपैकी दोनच हिंदीत ‘ने’ राहिले, एकाचा ‘से’ झाला आणि एकाचा ‘को’ झाला, कारण ‘उसे’ हे ‘उसको’चेच दुसरे रूप आहे. मराठी माणूस हिंदी लिहू लागला की त्याच्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. हिंदीचे ‘ने’ ऐकायला अगदी आपल्यासारखे आहे, म्हणून आपण ते आपल्या सवयीने वापरतो. पण त्याचे काम आपल्या ‘ने’पेक्षा फार मर्यादित आहे.

शाळेत आपण विभक्तीचे तक्ते पाठ करतो आणि ‘ने’ म्हणजे तृतीया, ‘ला’ म्हणजे द्वितीया किंवा चतुर्थी असे समीकरण मनात बसते. हिंदीत ने, को, से यांना परसर्ग म्हणतात, आणि त्यांची निवड मराठी प्रत्ययावरून करता येत नाही. ती क्रियापदावरून करावी लागते. म्हणून हिंदी वाक्य रचताना ‘मराठीत इथे कोणता प्रत्यय आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हिंदीतले क्रियापद कोणते, ते कोणत्या रूपात आहे आणि ते काय मागते?’ हा प्रश्न विचारावा. खाली दिलेल्या पायऱ्या याच क्रमाने जातात.

पहिली पायरी: क्रियापद भूतकाळी कृदंताचे आहे का?

हिंदीत कर्त्याला ‘ने’ लागण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. क्रियापद सकर्मक असले पाहिजे आणि ते खाया, देखा, लिखी, किए अशा पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपात असले पाहिजे. पुढे ‘है’, ‘था’ किंवा ‘होगा’ आले तरी चालते: ‘उसने खाया है’, ‘उसने खाया था’, ‘उसने खाया होगा’. पण ‘खाता है’, ‘खा रहा था’, ‘खाएगा’ या रूपांबरोबर ‘ने’ कधीच येत नाही. ‘उसने खा रहा था’ हे वाक्य हिंदीत कुठल्याच अर्थाने उभे राहत नाही.

इथे मराठीची एक सवय आडवी येते. ‘त्याने जावे’, ‘त्याने जायला हवे’, ‘मुलांनी अभ्यास करावा’ या वाक्यांत क्रिया अजून झालेली नाही, तरी मराठी कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लावते. हिंदीत अशा कर्तव्यार्थी वाक्यांना ‘को’ लागतो: ‘उसे जाना चाहिए’, ‘बच्चों को पढ़ना चाहिए’. दिल्ली आणि पंजाबकडच्या बोलण्यात ‘मैंने जाना है’ असे सर्रास ऐकू येते, पण प्रमाण लेखनात ते ‘मुझे जाना है’ असेच लिहितात. म्हणून तिथले ऐकून आपली सवय बरोबर ठरली असे समजू नये.

दुसरी पायरी: ‘मी’ आणि ‘तू’ यांना विसरू नका

आजच्या मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’ असे म्हणतात, पण ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘तू आंबा खाल्लास’ यांत प्रत्यय दिसत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी वेगळी रूपे होती. ती पुढे मागे पडली आणि ‘मी’, ‘तू’ हीच रूपे सगळीकडे वापरली जाऊ लागली. हिंदीने मात्र हा भेद राखला आहे. तिथे ‘मैंने’, ‘तूने’, ‘हमने’, ‘तुमने’, ‘आपने’ असे प्रत्येकालाच ‘ने’ लागते. म्हणून ‘मैं आम खाया’ हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही, पण प्रमाण हिंदीत ते चूक आहे. मुंबईच्या बोलीत आणि हैदराबादच्या दखनीत कर्त्याचा ‘ने’ गळतो. तिथे ‘मैं खाया’ असे म्हटले तरी कोणी थांबवत नाही, आणि म्हणूनच मुंबईत वाढलेल्या मुलांची ही चूक परीक्षेच्या पेपरापर्यंत टिकून राहते.

सर्वनामांची रूपेही लक्षात ठेवावी लागतात. ‘ने’च्या आधी ‘मैं’ आणि ‘तू’ जसेच्या तसे राहतात, पण ‘को’ आणि ‘से’ यांच्या आधी ते ‘मुझ’ आणि ‘तुझ’ होतात: मैंने, मुझे किंवा मुझको, मुझसे. ‘मैंको’ आणि ‘मैंसे’ अशी रूपे नाहीत. ‘कौन’ची रूपे ‘किसने, किसे, किससे’ अशी होतात. ‘वे’चे रूप ‘उन्होंने’ होते, आणि आदराने बोलायचे असेल तर एकाच व्यक्तीलाही ‘उन्होंने’च वापरतात.

लेखनातला एक फरक इथेच नोंदवून ठेवतो. मराठीत प्रत्यय नामाला नेहमी जोडून लिहितो. हिंदीच्या प्रमाण लेखनात तो नामापासून तोडून आणि सर्वनामाला जोडून लिहितात: ‘राम ने’, पण ‘उसने’, ‘मौसी से’, पण ‘मुझसे’.

तिसरी पायरी: क्रियापद खरोखर ‘ने’ मागते का?

ही पायरी सर्वांत निसरडी आहे आणि तिला जास्त वेळ द्यावा लागतो. मराठीत काही क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात ‘ने’ लागत नाही: ‘ती म्हणाली’, ‘तो धडा शिकला’, ‘तो जेवला’, ‘कुत्रा मला चावला’. हिंदीतली यांची जोडीदार क्रियापदे मात्र ‘ने’ घेतात: ‘उसने कहा’, ‘उसने पाठ सीखा’, ‘उसने खाना खाया’, ‘कुत्ते ने मुझे काटा’. ‘वह कही’ किंवा ‘कुत्ता मुझे काटा’ असे लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. तो मनातले मराठी वाक्य प्रामाणिकपणे उतरवत असतो.

उलट दिशेनेही असेच होते. मराठीत ‘त्याने पुस्तक आणले’ असे आपण म्हणतो, पण हिंदीत ‘लाना’ सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाही, म्हणून ‘वह किताब लाया’. तेच ‘भूलना’चे आहे: ‘वह किताब भूल गया’, सुदैवाने इथे मराठीतही ‘तो पुस्तक विसरला’ असेच आहे. ‘बोलना’ सहसा ‘ने’ घेत नाही, ‘वह बोला’. मात्र पुढे कर्म आले की ‘उसने झूठ बोला’ असे लिहिलेलेही तुम्हाला आढळेल. लाना, भूलना आणि बोलना ही तीन क्रियापदे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत, कारण रोजच्या वापरात अडखळायला लावणारी सकर्मक क्रियापदे प्रामुख्याने हीच आहेत. ‘छींकना’ आणि ‘खाँसना’ यांना कर्म नसूनही ‘उसने छींका’, ‘उसने खाँसा’ असे म्हणतात. हे अपवाद म्हणून नुसते ऐकून ठेवले तरी पुरे.

संयुक्त क्रियापदात ‘ने’चा निर्णय शेवटचे क्रियापद करते. खाण्याची क्रिया एकच असली तरी ‘उसने आम खा लिया’ म्हणतात आणि ‘वह आम खा गया’ म्हणतात, कारण ‘लेना’ सकर्मक आहे आणि ‘जाना’ अकर्मक आहे. ‘वह खा चुका’, ‘वह खाने लगा’, ‘वह नहीं खा सका’ या तिन्ही वाक्यांत ‘ने’ येत नाही. ‘उसने खा चुका’ असे लिहिल्याचे लक्षात आले, तर मधले ‘खा’ बोटाने झाकून शेवटचा शब्द वाचावा. ‘उसने चुका’ असे उरते आणि कान आपोआप नकार देतो.

चौथी पायरी: ‘ने’ लावल्यावर क्रियापद कोणाचे ऐकते?

कर्त्याला परसर्ग लागला की क्रियापद त्याच्या लिंगवचनाकडे पाहणे सोडते आणि परसर्ग नसलेल्या कर्माकडे वळते: ‘राम ने रोटी खाई’, ‘सीता ने आम खाया’. कर्मालाही ‘को’ लागला की क्रियापदाला ऐकायला कोणीच उरत नाही, आणि मग ते पुल्लिंगी एकवचनात जाते: ‘मैंने लड़की देखी’, पण ‘मैंने लड़की को देखा’, ‘मैंने लड़कियों को देखा’. मराठीची चाल जवळपास हीच आहे, ‘मी मुलगी पाहिली’ आणि ‘मी मुलीला पाहिले’. फरक एवढाच की आपण नपुंसकलिंगाकडे जातो आणि हिंदीत ते लिंग नसल्यामुळे ती पुल्लिंगाकडे जाते. ‘मैंने उसको देखी’ ही चूक त्यामुळे मराठीच्याही नियमात बसत नाही, आणि ती मराठीच्या आधारे सहज सुधारता येते.

पाचवी पायरी: ‘ला’ म्हणजे ‘को’ असे धरू नका

‘को’चा बराचसा वापर आपल्या ‘ला’शी जुळतो. ‘मला भूक लागली’ म्हणजे ‘मुझे भूख लगी’, ‘मुलाला बोलाव’ म्हणजे ‘बच्चे को बुलाओ’, ‘त्याला शंभर रुपये दिले’ म्हणजे ‘उसे सौ रुपये दिए’. याबद्दल वेगळे शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते जुळत नाही त्या ठिकाणी.

गावाचे नाव हे पहिले ठिकाण. ‘पुण्याला गेलो’ याचे हिंदी ‘पुणे गया’ असे होते, ‘पुणे को गया’ असे नव्हे. उलट वार आणि वेळ सांगताना आपण ‘सोमवारी’, ‘संध्याकाळी’ म्हणतो आणि हिंदी ‘सोमवार को’, ‘शाम को’ म्हणते.

दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे. विचारणे, भेटणे, घाबरणे या क्रियापदांना मराठीत ‘ला’ चालतो, पण हिंदीत त्यांना ‘से’ लागतो: ‘उससे पूछो’, ‘उससे मिलो’, ‘वह कुत्ते से डरता है’. सांगण्यासाठी हिंदीत दोन क्रियापदे आहेत आणि त्यांचे परसर्ग वेगळे आहेत: ‘उसे बताओ’, पण ‘उससे कहो’. ‘कहना’ला ‘को’ सुद्धा येतो, पण मग अर्थ बदलतो. ‘इसे हिंदी में क्या कहते हैं’ म्हणजे याला हिंदीत काय म्हणतात, आणि ‘मैंने उसे आने को कहा’ म्हणजे मी त्याला यायला सांगितले. नाव देणे आणि काम सांगणे या दोन अर्थांसाठी ‘को’, नुसते बोलणे पोहोचवण्यासाठी ‘से’, असा हा व्यवहार आहे.

को आणि से यांची अदलाबदल का करता येत नाही हे ज्याला मनापासून पटवायचे असेल त्याच्यासमोर मी दोनच वाक्ये ठेवतो. ‘उससे कोई नहीं पूछता’ आणि ‘उसको कोई नहीं पूछता’. मराठीत दोन्हींचे भाषांतर ‘त्याला कोणी विचारत नाही’ असेच होईल. पण पहिल्या हिंदी वाक्याचा अर्थ असा, की त्याला कोणी प्रश्न करत नाही, त्याचे मत घेत नाही. दुसऱ्याचा अर्थ असा, की त्याची कोणाला पर्वा नाही, त्याला किंमत उरलेली नाही. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच ‘विचारत नाही’मध्ये मावतात आणि संदर्भावरून कळतात; हिंदीत ते परसर्गावरून कळतात. एखाद्या कार्यालयात वरिष्ठांबद्दल बोलताना ‘साहब को पूछा था’ असे म्हणणाऱ्याला आपण काहीच चुकीचे बोललो असे वाटत नाही, आणि मुंबईत ते खपूनही जाते. पण लेखी हिंदीत ‘साहब से पूछा था’ हेच लिहावे.

‘मिलना’चेही असेच आहे. ‘वह मुझे बाज़ार में मिला’ म्हणजे तो सहज भेटला, समोर आला. ‘वह मुझसे बाज़ार में मिला’ म्हणजे त्याने माझी भेट घेतली. आणि ‘मुझे चिट्ठी मिली’ म्हणजे मला पत्र मिळाले. मराठीत आपण ‘भेटणे’ आणि ‘मिळणे’ अशी दोन क्रियापदे वापरून जो भेद करतो, त्याचा मोठा भाग हिंदी परसर्गावर सोपवते.

सहावी पायरी: साधन, कारण आणि असमर्थता यांसाठी ‘से’

चाकूने, बसने, भीतीने, माझ्याने: ज्या ‘ने’चा अर्थ ‘त्याच्या साहाय्याने’ किंवा ‘त्याच्यामुळे’ असा होतो, तो हिंदीत नेहमी ‘से’ असतो. ‘चाकू से’, ‘बस से’, ‘डर से’. ‘माझ्याने हे होणार नाही’ याचे हिंदी ‘मुझसे यह नहीं होगा’ असे करतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. एकाच साध्या वाक्यात दोन ‘ने’ आले, जसे ‘मैंने चाकू ने काटा’, तर त्यातला एक नक्की चुकला आहे, आणि चुकलेला ‘ने’ बहुधा वस्तूचा असतो. ‘चाकू ने काटा’ एवढेच लिहिले तर चाकू स्वतःच कापणारा झाला, असा अर्थ होतो.

तिन्ही परसर्ग एकाच वाक्यात शेजारी शेजारी पाहायचे असतील तर प्रयोजक क्रियापद घ्यावे. ‘माँ ने आया से बच्चे को खाना खिलवाया’, म्हणजे आईने आयाकडून बाळाला जेवण भरवून घेतले. ‘ने’ सांगतो की काम करवून घेणारी कोण, ‘से’ सांगतो की हाताने काम करणारी कोण, आणि ‘को’ सांगतो की घास कोणाच्या तोंडात गेला. आता ने आणि से यांची जागा बदलून पाहा: ‘आया ने माँ से बच्चे को खाना खिलवाया’. व्याकरण बिघडले नाही, पण आया हुकूम देणारी झाली आणि आई कामाला लागली. को आणि से बदलले, ‘माँ ने आया को बच्चे से खाना खिलवाया’, तर बाळ आयाला भरवू लागले. शब्दांचा क्रम मात्र हवा तसा बदलता येतो. ‘बच्चे को माँ ने आया से खाना खिलवाया’ असे म्हटले तरी कोण काय करते हे बदलत नाही, कारण ते परसर्गाने बांधलेले आहे, जागेने नाही.

एक उतारा सोडवून पाहू

एखादी मुलगी मराठीत असे लिहिते: ‘सोमवारी मी बसने नाशिकला गेले. मावशीला भेटले. तिने मला विचारले, “तू जेवलीस का?” मी म्हणाले, “मी डबा आणला आहे.” मग मावशीने सुरीने आंबा कापला आणि मला दिला.’

पहिल्या प्रयत्नात याचे हिंदी साधारण असे होते: ‘सोमवार में मैं बस ने नासिक को गई। मौसी को मिली। उसने मुझे पूछा, “तू खाना खाई क्या?” मैं कही, “मैंने डिब्बा लाया है।” फिर मौसी ने चाकू ने आम काटा और मुझे दिया।’

आता क्रियापद धरून एकेक वाक्य तपासू. ‘जाना’ अकर्मक आहे म्हणून कर्त्याला ‘ने’ नाही, आणि ‘मैं गई’ बरोबर आहे. पण वाराला ‘को’ हवा, बसला साधन म्हणून ‘से’ हवा आणि गावाचे नाव उघडे राहायला हवे. ती ठरवून मावशीकडे गेली होती, म्हणून ‘मिलना’ला ‘से’. ‘पूछना’ सकर्मक आणि पूर्ण रूपात आहे, त्यामुळे विचारणारीला ‘ने’ बरोबर लागला, पण ज्याला विचारले त्याला ‘से’ हवा. शिवाय आपण मावशीला घरात ‘ती’ म्हणतो, तरी हिंदीत मौसीसाठी ‘उन्होंने’ शोभते. जेवण्याचे ‘खाना खाना’ झाले की ते सकर्मक होते, म्हणून ‘तू’ची ‘तूने’ होते आणि क्रियापद मुलीकडे न पाहता पुल्लिंगी ‘खाना’कडे पाहते. ‘कहना’ला ‘ने’ हवा, ‘लाना’ला नको, आणि ‘लाना’ला ‘ने’ नाही म्हणून ते क्रियापद पुन्हा मुलीकडे वळून ‘लाई’ होते. शेवटच्या वाक्यात मौसीचा ‘ने’ राहतो आणि चाकूचा ‘से’ होतो. ‘मुझे दिया’ पहिल्यापासूनच बरोबर होते.

सुधारलेला उतारा असा: ‘सोमवार को मैं बस से नासिक गई। मैं मौसी से मिली। उन्होंने मुझसे पूछा, “तूने खाना खाया?” मैंने कहा, “मैं डिब्बा लाई हूँ।” फिर मौसी ने चाकू से आम काटा और मुझे दिया।’

असाच एखादा पाच-सहा ओळींचा प्रसंग रोज आधी मराठीत लिहावा, मग हिंदीत उतरवावा, आणि तपासताना आधी फक्त क्रियापदांखाली रेघ मारावी. परसर्ग त्यानंतर पाहावेत. वहीत प्रत्येक नवे हिंदी क्रियापद एकटे लिहू नये, परसर्गासह लिहावे: ‘किसी से पूछना’, ‘किसी को बताना’, ‘किसी से डरना’, ‘कुछ लाना (ने नहीं)’.